सेटिरिझिन ‘नवीन’ असूनही झोप का येते, आणि ती कमी कशी करायची

“ही नवीन गोळी आहे, हिने झोप येत नाही,” असं ऐकून ॲलर्जीवरची सेटिरिझिन सुरू करायची आणि दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागायचे, ही तक्रार औषधांच्या काउंटरवर इतक्या वेळा येते की आता तिचं नवल वाटत नाही. तक्रार करणाऱ्याला मात्र वाटतं की दोष आपल्यातच आहे, कारण बाकीच्यांना तर काहीच होत नाही. तसं नाही. ‘झोप येत नाही’ हे वाक्यच अर्धवट आहे. जुन्या गोळ्यांच्या मानाने बरीच कमी येते, एवढाच त्याचा खरा अर्थ.

सेटिरिझिनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात 12 वर्षांवरील लोकांचे आकडे आहेत. 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 14 टक्क्यांना झोपाळूपणा जाणवला, 5 मिलिग्रॅमवाल्यांपैकी 11 टक्क्यांना, आणि औषधच नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 6 टक्क्यांना. या तीन आकड्यांत या लेखातली निम्मी गोष्ट आहे. गोळीने झोप येते, हे खरं. पण जितक्यांना येते त्यातल्या काहींना ती गोळीशिवायही आलीच असती. आणि डोस निम्मा केला म्हणून तक्रार निम्मी होईलच असं नाही.

मेंदूपर्यंत पोचतं किती

ॲलर्जीत शरीर हिस्टामीन नावाचं रसायन सोडतं. ते फक्त नाक गाळत नाही आणि अंगावर पित्त उठवत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो हिस्टामीन सोडून मेंदूला जागं ठेवतो. हिस्टामीन पेशींवरच्या ज्या जागांना चिकटून काम करतं त्यांना एच-1 ग्राहक म्हणतात. नाकात आणि त्वचेवर ज्या ग्राहकांना गोळी अडवते, तेच मेंदूतही आहेत. ते अडले की झापड येते. क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन यांसारखी जुनी औषधं चरबीत सहज विरघळतात, त्यामुळे मेंदूभोवतीचा अडथळा ती बिनदिक्कत ओलांडतात.

सेटिरिझिनला हा अडथळा ओलांडणं अवघड जातं. त्यातूनही थोडं आत शिरलंच, तर तिथल्या पेशींवर बसलेली पी-ग्लायकोप्रोटीन नावाची प्रथिनं ते परत बाहेर फेकतात. होडीत झिरपलेलं पाणी कुणी सतत उपसत बसावं, तसं. होडी बुडत नाही, पण तळाशी थोडं पाणी राहतंच. जपानमधल्या संशोधकांनी मेंदूचं पेट स्कॅन करून हे मोजलं. सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम घेतल्यावर मेंदूतले साधारण 13 टक्के एच-1 ग्राहक अडलेले दिसले, 20 मिलिग्रॅमवर साधारण 25 टक्के. फेक्सोफेनाडिन 120 मिलिग्रॅमवर आकडा जवळजवळ शून्य होता. जुन्या औषधांत तो निम्म्याच्या पुढेही जातो.

म्हणजे सरासरी माणसाला 13 टक्के जाणवत नाहीत. पण हा आकडा सरासरी आहे. ज्याचं शरीर औषध हळू बाहेर टाकतं, ज्याच्या पोटात आधीच दुसरं गुंगी आणणारं काही आहे, किंवा ज्याची रात्रीची झोपच अपुरी आहे, त्याच्यासाठी एवढं पुरेसं होतं. इलाजही इथेच आहे: मेंदूत शिरणारा वाटा कमी करायचा, नाहीतर तो झोपेच्या वेळेत ढकलायचा.

आधी खात्री करा की झोप गोळीचीच आहे

इथे बरेचजण घाई करतात आणि एकामागून एक गोळ्या बदलत बसतात. त्याआधी एक सोपी चाचणी करा. गोळीची वेळ चार-पाच तासांनी हलवा आणि झोप तिच्याबरोबर हलते का ते पाहा. सेटिरिझिन रिकाम्या पोटी घेतली की तासाभरात रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं. गोळीमुळे येणारी पेंग सहसा त्यानंतरच्या काही तासांत सर्वांत जास्त असते. सकाळी आठला घेतल्यावर दहा-अकराला जडपणा येत असेल आणि दुपारी एकला घेतल्यावर तोच जडपणा तीन-चारला सरकला, तर गोळीवर संशय पक्का. वेळ कशीही बदला, झोप मात्र रोज जेवणानंतर अडीचलाच येत असेल, तर गोळीला दोष देऊ नका.

ही चाचणी करताना तीनच गोष्टी कागदावर लिहा: गोळी कधी घेतली, झोप कधी आली, रात्री नाक बंद होतं का. शेवटचा रकाना लोक गाळतात, पण अनेकदा गुन्हेगार तोच निघतो. ॲलर्जीने नाक चोंदलेलं असलं की रात्री तोंडाने श्वास, वारंवार जाग, सकाळी जड डोकं. सेटिरिझिन शिंका, खाज आणि पाणी गळणं चांगलं थांबवते, पण चोंदलेलं नाक मोकळं करण्यात ती कच्ची आहे. मग माणूस गोळी घेतो, शिंका थांबतात, नाक बंदच राहतं, झोप तुटतच राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या पेंगेचं खापर गोळीवर फुटतं. अशा माणसाने गोळी बदलण्यापेक्षा नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेबद्दल, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनबद्दल, डॉक्टरांशी बोलावं. स्प्रेचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस रोज नियमित मारावा लागतो. एकदा मारून ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका. नाक मोकळं झालं की कित्येकांना गोळी रोज लागतच नाही.

पोटात दुसरं काय चाललंय

चाचणीत गोळी दोषी ठरली, तरी ती एकटी आहे का हे पाहायचं. सर्दीच्या तयार गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत क्लोरफेनिरामाइन लिहिलेलं असतं, पॅरासिटामॉलच्या शेजारी. काहींत तर सेटिरिझिनच असते. ॲलर्जीसाठी रोज एक, वर सर्दी झाली म्हणून ही दुसरी, आणि खोकल्याच्या सिरपमध्ये तिसरं. पट्टीवरचं मोठं नाव वाचून काहीच कळत नाही, खालची घटकांची ओळ वाचायलाच हवी.

एक जोडी विशेष लक्षात ठेवा. खाजेसाठी रात्री हायड्रॉक्सिझिन दिलेली असते आणि शिंकांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सेटिरिझिन. शरीर हायड्रॉक्सिझिनचं रूपांतर सेटिरिझिनमध्येच करतं. म्हणजे एकाच औषधाचे दोन डोस, शिवाय हायड्रॉक्सिझिनची स्वतःची गुंगी वेगळी. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसलेली नसते, त्यामुळे हे पकडणं आपल्याच हातात असतं.

दारूबद्दल वेगळं सांगायला नको. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी घेतलेली प्रेगाबालिन किंवा गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन, झोपेच्या गोळ्या, कोडीनचं सिरप, या सगळ्यांवर सेटिरिझिन भर घालते. ही औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. यादी घेऊन डॉक्टरांना दाखवायची.

वेळ आणि डोस

सर्वांत स्वस्तातला आणि बहुतेकांना पुरणारा उपाय म्हणजे गोळी संध्याकाळी घेणं. पण ‘झोपताना’ म्हणजे नेमकं कधी, यावर बरंच अवलंबून आहे. मध्यरात्री बाराला घेऊन सहाला उठणाऱ्याच्या अंगात सकाळी अजून बरंच औषध असतं. तरुण, निरोगी माणसात रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 8 तास लागतात. आठ-साडेआठला घेतली तर सर्वांत वरचा टप्पा नऊ-साडेनऊला येतो आणि सकाळी सहापर्यंत तो जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. म्हणून सकाळी जडपणा राहत असेल तर गोळी जेवणाच्या वेळेला ओढा. त्यामुळे दिवसभराचा परिणाम फारसा जात नाही. त्वचेतल्या आणि नाकातल्या ग्राहकांना सेटिरिझिन घट्ट धरून ठेवते, त्यामुळे रक्तात कमी उरली तरी तिथलं काम चालू असतं.

काहींना दिवसाच घ्यावी लागते, उदाहरणार्थ रात्रपाळी करणाऱ्यांना. त्यांनी ती जेवणाबरोबर घेऊन पाहावी. अन्नामुळे एकूण किती औषध शोषलं जातं ते बदलत नाही, पण वरचा टप्पा उशिरा येतो आणि सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. झोप जर त्या टप्प्यापुरतीच येत असेल तर एवढ्याने फरक पडतो.

डोस 10 ऐवजी 5 मिलिग्रॅम करून पाहणंही रास्त आहे. मोठ्या माणसांसाठी 5 ते 10 ही मान्य मर्यादाच आहे, आणि सौम्य त्रासात 5 पुरते. मधोमध खाच असलेली गोळी दोन भागांत तुटते. मात्र वरचे आकडे आठवा: 14 वरून 11. डोस घटवल्याने थोडा आराम मिळेल, चमत्कार नाही. उलट पित्तासाठी, म्हणजे अंगावर उठणाऱ्या गांध्यांसाठी, डॉक्टर कधी कधी नेहमीच्या डोसच्या चौपटीपर्यंत जातात. तेव्हा सेटिरिझिनची झोप वाढणार हे धरूनच चाला, आणि कमी झोप आणणारं औषध वाढवता येईल का, हे त्याच भेटीत विचारा.

सुरुवातीचे काही दिवस झोप येऊन नंतर ती आपोआप ओसरते, असंही काहींच्या बाबतीत होतं. त्यामुळे त्रास हलका असेल आणि गाडी चालवायची नसेल, तर आठवडाभर संध्याकाळी घेऊन पाहायला हरकत नाही. कॉफीवर मात्र विसंबू नका. ती जागं ठेवते, पण अडलेले हिस्टामीनचे ग्राहक मोकळे करत नाही, आणि संध्याकाळी प्यायलात तर रात्रीची झोपही बिघडवते.

एक उदाहरण, मूत्रपिंडांचं

ही बाब सर्वांत जास्त निसटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नियमित औषधं न्यायला येणाऱ्या एक काकू, वय 66. धुळीच्या ॲलर्जीसाठी रोज रात्री अकराला सेटिरिझिन 10. “अहो, सकाळी चहा झाला तरी डोकं वर निघत नाही, अकरापर्यंत नुसती बसून असते,” असं त्यांचं म्हणणं. घरच्यांनी आधी वयावर ढकललं, मग ‘जास्त विचार करते’ वर.

इतर औषधांत झोप आणणारं काही नव्हतं. रक्तदाब आणि मधुमेह मात्र जुने होते. मी एवढंच विचारलं की क्रिएटिनिनची तपासणी शेवटची कधी झाली. रिपोर्ट घरात होताच: ईजीएफआर 34. मूत्रपिंडं दर मिनिटाला रक्त किती गाळतात याचा हा अंदाज. निरोगी तरुण माणसात तो 90 च्या पुढे असतो.

सेटिरिझिन यकृतात फारशी मोडत नाही. तिचा बहुतांश भाग जशाच्या तसा लघवीतून जातो. त्यामुळे मूत्रपिंडं मंदावली की औषध अंगात रेंगाळतं, आणि निम्मं होण्याचा काळ तिपटीपर्यंत लांबू शकतो. नुसत्या वयानेही तो वाढतो. हिशेबासाठी काकूंच्या बाबतीत तो 20 तास धरू. रात्री बाराला वर गेलेलं प्रमाण सकाळी आठला निरोगी माणसात निम्मं असतं, त्यांच्यात अजून तीन चतुर्थांश असणार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी घेताना निरोगी माणसात आदल्या गोळीचा आठवा भाग उरलेला असतो, त्यांच्यात चाळीस टक्क्यांहून जास्त. रोज ही शिल्लक पुढच्या गोळीत मिसळते. काही दिवसांत त्या 10 ची गोळी घेत होत्या, पण अंगात जवळजवळ 18 चा परिणाम बाळगत होत्या.

त्यांच्या डॉक्टरांनी डोस 5 मिलिग्रॅम केला, वेळ रात्री आठची केली. मूत्रपिंडांची क्षमता 30 ते 60 च्या दरम्यान असली की 5 मिलिग्रॅम रोज हाच सांगितलेला डोस आहे. त्याहून कमी असली की एक दिवसाआड. आठवड्याभराने त्या सकाळी मोकळ्या होत्या, शिंका मात्र थोड्या वाढल्या होत्या. त्यासाठी नाकातला स्प्रे सुरू झाला. साठीपुढचं वय, जुना मधुमेह किंवा रक्तदाब, आणि सकाळपर्यंत टिकणारी गुंगी, असं त्रिकूट दिसलं की गोळीचं नाव बदलण्याआधी हा रिपोर्ट पाहावा. कारण लेव्होसेटिरिझिनवर गेलात तरी तीही मूत्रपिंडांतूनच जाते.

बदलायचीच झाली तर कोणती

लेव्होसेटिरिझिनकडे लोक ‘पुढची पिढी’ म्हणून पाहतात. प्रत्यक्षात सेटिरिझिनमध्ये एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असलेले दोन रेणू असतात, त्यातला कामाचा तेवढा वेगळा काढला की लेव्होसेटिरिझिन. म्हणून तिची 5 मिलिग्रॅम सेटिरिझिनच्या 10 च्या बरोबरीची. काहींना तिने थोडी कमी झोप येते, पण ज्याला सेटिरिझिन जड जाते त्याच्या मोठ्या आशा मी त्यावर लावणार नाही.

खरा बदल हवा असेल तर फेक्सोफेनाडिन. ती मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. तिच्या माहितीपत्रकात दिवसातून दोनदा 60 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झोपाळूपणा 1.3 टक्के, नकली गोळीवर 0.9 टक्के. म्हणजे फरक नसल्यातच जमा. तिचा हट्ट एकच: साध्या पाण्याबरोबर घ्या. संत्रं, सफरचंद किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतली की शोषण बरंच कमी होतं, आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या ॲसिडिटीच्या औषधानेही तेच होतं. ‘फेक्सोफेनाडिन लागू पडत नाही’ म्हणणाऱ्याला मी आधी हेच विचारतो की ती कशाबरोबर गिळता. मूत्रपिंडं कमजोर असतील तर तिचाही डोस कमी करावा लागतो.

बिलास्टिनही मेंदूत शिरत नाही असं पेट स्कॅनमध्ये दिसलं आहे, पण ती जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यावी लागते, आणि फळांच्या रसाचा नियम तिलाही लागू. लोराटाडिन आणि डेस्लोराटाडिन मधल्या जागी बसतात. नेहमीच्या डोसला बहुतेकांना चालतात, डोस वाढवला की लोराटाडिनचीही झोप जाणवू शकते.

गाडी चालवत असाल तर

झोप येत नाही असं वाटणं आणि प्रतिक्रिया शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2000 साली अमेरिकेतल्या आयोवामध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक अभ्यास झाला. डायफेनहायड्रामाइन घेतलेल्यांनी, रक्तात सुमारे 0.1 टक्का दारू असलेल्यांपेक्षाही वाईट गाडी चालवली. फेक्सोफेनाडिन घेतलेले नकली गोळीवाल्यांसारखेच होते. आणि कोण किती झोपाळू असल्याचं सांगतो, यावरून त्याची गाडी किती बिघडेल याचा अंदाज येत नव्हता. सेटिरिझिन डायफेनहायड्रामाइनइतकी जड नाही, पण धडा तोच. सुरुवातीचे दिवस, डोस वाढवल्यावर, किंवा वर सर्दीची गोळी घेतली असेल तेव्हा ‘मी ठीक आहे’ या स्वतःच्या खात्रीवर चाक हातात घेऊ नका. रोज गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्याने सरळ फेक्सोफेनाडिनबद्दल विचारावं, सेटिरिझिनशी झटापट करू नये.

बंद करताना

रोज कित्येक महिने किंवा वर्षं सेटिरिझिन वा लेव्होसेटिरिझिन घेत असाल, तर झोपेला कंटाळून ती एका दिवसात सोडू नका. मे 2025 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला की दीर्घकाळ घेतल्यानंतर ही औषधं थांबवलेल्या काही मोजक्या लोकांना काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटली, आधी खाजेचा त्रास नसलेल्यांनाही. हे विरळ आहे. पण तसं झालं की माणसाला वाटतं ॲलर्जी उसळली आणि तो घाबरून दुप्पट डोस घेतो. गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांची खाज थांबली, आणि नंतर डोस हळूहळू उतरवत नेल्याने काहींना ती सोडताही आली. म्हणून दुसऱ्या औषधावर जाताना आधी 10 वरून 5, मग एक दिवसाआड, असा उतार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि बंद केल्यावर पुरळाशिवाय नुसती खाज सुटली, तर गोळी कधी सोडली ती तारीख त्यांना आवर्जून सांगा.